नंबर मायनस की प्लस? आधी दूरबिंदू शोधा

दहावीच्या विज्ञानातला एक तक्ता बहुतेकांना पाठ असतो. निकटदृष्टितेला, म्हणजे मायोपियाला अंतर्वक्र भिंग. दूरदृष्टितेला, म्हणजे हायपरमेट्रोपियाला बहिर्वक्र भिंग. पुढे ऑप्टोमेट्रीकडे वळलात तर तिसरी ओळ जोडली जाते: ॲस्टिग्मॅटिझमला दंडगोल, म्हणजे सिलिंडर भिंग. तक्ता बरोबर आहे आणि एका गुणाच्या प्रश्नाला पुरतोही. पण प्रश्न जरा फिरवून आला की तो हात वर करतो.

उदाहरणार्थ, −४ नंबर असलेल्या माणसाला चष्मा काढल्यावर कुठपर्यंत स्पष्ट दिसेल? किंवा, दहा वर्षांच्या मुलीला +३ नंबर निघाला, पण तिला फळ्यावरचंही दिसतं आणि पुस्तकातलंही, हे कसं काय? किंवा, एका बाईच्या चष्म्याच्या कागदावर +१.०० / −३.०० × १८० असं लिहिलंय. ही बाई मायोपियाची की हायपरमेट्रोपियाची? यातल्या एकाचंही उत्तर तक्त्यात नाही. तिन्हींची उत्तरं एका कल्पनेतून निघतात, ती म्हणजे दूरबिंदू. शिकवताना ही कल्पना एका ओळीत उरकली जाते, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून इथे तिलाच धरून चालू.

डोळ्याला वाढवता येतं, कमी करता येत नाही

डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती साधारण ६० डायॉप्टर असते. त्यातली मोठी वाटणी, सुमारे ४३ डायॉप्टर, समोरच्या पारदर्शक पारपटलाची म्हणजे कॉर्नियाची. उरलेली आतल्या भिंगाची. पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंतची डोळ्याची लांबी मोठ्या माणसात सुमारे २४ मिलिमीटर. शक्ती आणि लांबी यांचा मेळ बसला, तर लांबून येणारे समांतर किरण नेमके दृष्टिपटलावर एकवटतात. अशा डोळ्याला नंबर नसतो. मेळ चुकला की नंबर आला. लांबीत १ मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबर साधारण ३ डायॉप्टरनं बदलतो, यावरून हे गणित किती नाजूक आहे ते कळेल.

डायॉप्टर म्हणजे मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त. नाभीय अंतर १ मीटर असेल तर शक्ती १ डायॉप्टर, अर्धा मीटर असेल तर २, पाव मीटर असेल तर ४. सेंटिमीटरमध्ये अंतर दिलं असेल तर १०० ला त्या अंतरानं भागायचं. एवढं गणित आलं की पुढे अडत नाही.

आता एक गोष्ट मनात पक्की करायची. डोळ्यातलं भिंग लवचीक आहे. जवळचं पाहताना ते फुगतं आणि डोळ्याची शक्ती वाढते; याला समायोजन म्हणतात. पण समायोजनानं शक्ती फक्त वाढते. भिंग पूर्ण सैल झालं की त्याहून कमी शक्ती करण्याचा कुठलाही मार्ग डोळ्याकडे नाही. मायोपिया आणि हायपरमेट्रोपिया यांचं वागणं एकमेकांच्या उलट नसून मुळातच वेगळं का आहे, याचं कारण या एका वाक्यात आहे.

समायोजन पूर्ण सैल असताना ज्या ठिकाणची वस्तू दृष्टिपटलावर स्पष्ट उमटते, ते ठिकाण म्हणजे त्या डोळ्याचा दूरबिंदू. नंबर नसलेल्या डोळ्याचा दूरबिंदू अनंत अंतरावर असतो. आणि चष्म्याचा सगळा नियम असा: भिंगाची नाभी त्या डोळ्याच्या दूरबिंदूवर पडली पाहिजे. मायनस असो, प्लस असो, सिलिंडर असो, नियम हाच.

मायोपिया: दूरबिंदू डोळ्यासमोर

मायोपियाच्या डोळ्याची शक्ती त्याच्या लांबीच्या मानानं जास्त असते. बहुतेकांचा डोळा लांब झालेला असतो. काहींच्या पारपटलाची वक्रता जास्त असते. दूरचे किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकवटतात. वस्तू जवळ आणत गेलं की प्रतिमा मागे सरकते आणि एका अंतरावर ती नेमकी दृष्टिपटलावर येते. ते अंतर म्हणजे दूरबिंदू. समजा तो ५० सेंटिमीटरवर आहे. तर चष्म्यानं काय करायचं? दूरच्या वस्तूचे किरण ५० सेंटिमीटरवरूनच निघाल्यासारखे भासवायचे. समांतर किरण फाकवून देणारं भिंग अंतर्वक्र, आणि त्याची नाभी ५० सेंटिमीटरवर हवी. १०० भागिले ५० म्हणजे २. अंतर्वक्र म्हणून मायनस. नंबर −२.

हेच उलटं केलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर हातात येतं. नंबर −४ असेल तर १०० भागिले ४, म्हणजे २५ सेंटिमीटर. त्या माणसाला चष्म्याविना २५ सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसेल, त्यापलीकडचं अंधुक होत जाईल. सिलिंडर नसलेला मायनस नंबर तुम्हाला असेल तर घरी करून बघा: चष्मा काढा, एक डोळा झाका, बारीक अक्षरांचा कागद हळूहळू लांब न्या. अक्षरांच्या कडा जिथे फुटायला लागतात तिथलं अंतर टेपनं मोजा. नंबर अंदाजे निघतो.

इथे ऑप्टोमेट्रीचा एक आवडता प्रश्न येतो: मायोपियात कोणता नंबर द्यायचा? उत्तर: ज्यानं पूर्ण स्पष्ट दिसतं असा कमीत कमी मायनस. कारण समायोजनात दडलंय. −४ नंबरच्या वीस वर्षांच्या मुलाला −५ लावला, तर किरण गरजेपेक्षा जास्त फाकतात आणि प्रतिमा दृष्टिपटलामागे जाते. पण हा मुलगा सहज १ डायॉप्टर समायोजन करतो आणि शेवटची ओळ वाचून दाखवतो. वर म्हणतो, याच्यानं अक्षरं जास्त काळी दिसतात, हेच द्या. जास्तीच्या मायनसनं अक्षरं किंचित लहान आणि ठसठशीत वाटतात, पण दिसणं सुधारलेलं नसतं. असा चष्मा घेऊन गेलेला मुलगा अभ्यासाला बसला की डोळे थकतात, कपाळ दुखतं.

हे पकडायला तपासणीच्या खोलीतला लाल-हिरवा तक्ता असतो. डोळ्यात हिरवा प्रकाश थोडा अलीकडे आणि लाल थोडा पलीकडे एकवटतो. मायनस कमी पडत असेल तर सगळी प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे असते, म्हणजे लाल त्याला जास्त जवळ, म्हणून लाल भागातली अक्षरं ठळक दिसतात. मायनस जास्त झाला असेल तर हिरवी ठळक. हिरवं जास्त ठळक म्हणणाऱ्याचा मायनस पाव-पाव डायॉप्टरनं उतरवत न्यायचा.

मायोपिया फक्त मुलांना येतो असंही नाही. साठी-पासष्टीचे एखादे आजोबा खुशीत सांगतात की माझी चाळिशी सुटली, आता पेपर चष्म्याविना वाचतो. बऱ्याचदा यामागे मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची शक्ती वाढते, दूरबिंदू अनंतावरून समोर ४०-५० सेंटिमीटरवर येतो, आणि पेपर नेमका तिथेच धरलेला असतो. दूरचं किती अंधुक झालंय हे विचारलं की खरा प्रकार कळतो.

हायपरमेट्रोपिया: दूरबिंदू डोळ्यामागे

आता डोळ्याची शक्ती लांबीच्या मानानं कमी आहे असं धरा. सैल डोळ्यात समांतर किरण दृष्टिपटलापर्यंत पोचतात तोवर एकवटलेलेच नसतात. मग दूरबिंदू कुठे? समोरच्या कुठल्याही वस्तूकडून येणारे किरण एक तर समांतर असतात किंवा फाकत येतात. या डोळ्याला मात्र आधीच एकवटत येणारे किरण हवे आहेत, आणि तसे किरण समोरची कुठलीच वस्तू पाठवत नाही. म्हणून याचा दूरबिंदू डोळ्याच्या मागे, आभासी असतो. +३ नंबर म्हणजे डोळ्याच्या मागे सुमारे ३३ सेंटिमीटरवरच्या एका बिंदूकडे निघालेले किरण या डोळ्याला लागतात. ते तसे वळवून देणारं भिंग बहिर्वक्र, नाभीय अंतर ३३ सेंटिमीटर, शक्ती +३. नियम तोच राहिला.

पण इथे डोळ्याकडे स्वतःची एक सोय आहे. त्याला शक्ती कमी पडतेय, आणि शक्ती वाढवणं त्याला येतं. ती +३ नंबरची दहा वर्षांची मुलगी आठवा. या वयात समायोजनाची ताकद १२ डायॉप्टरहून कमी सहसा नसते. फळ्याकडे बघताना ती ३ डायॉप्टर समायोजन करते आणि स्पष्ट बघते. पुस्तक २५ सेंटिमीटरवर धरलं तर नेहमीचे ४ आणि वरचे ३ मिळून ७ लागतात. तेही तिच्याकडे आहेत. म्हणून दूरचंही दिसतं, जवळचंही. शाळेत भिंतीवरच्या तक्त्यानं तपासणी झाली तर ती पूर्ण पास होते. नंबर नसलेल्या मुलीला फळ्याकडे बघताना काहीच करावं लागत नाही. हिला दिवसभर, जागेपणी सगळा वेळ ते करावं लागतं. त्यातून वाचायचा कंटाळा, संध्याकाळची डोकेदुखी, आणि काही मुलांत डोळा आत वळणं सुरू होतं, कारण समायोजन आणि डोळे आत वळवणं या दोन क्रिया मेंदूत एकमेकींना बांधलेल्या आहेत. अशा मुलांचा खरा नंबर काढायला समायोजन सैल करणारे थेंब, सायक्लोपेन्टोलेट किंवा ॲट्रोपिन, घालावे लागतात. थेंबांशिवाय नंबर कमी निघू शकतो, कारण त्याचा काही भाग मुलानं समायोजनाखाली झाकून ठेवलेला असतो.

म्हणूनच मायोपियाच्या उलट इथला नियम: स्पष्ट दिसत राहील असा जास्तीत जास्त प्लस. तपासणी करणाऱ्यानं प्लस वाढवत नेला की डोळा हळूहळू स्वतःचं काम सोडत जातो.

‘हायपरमेट्रोपिया म्हणजे दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही’ हे पुस्तकातलं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ते कुणाच्या बाबतीत खरं ठरेल हे नंबर आणि वय दोन्हींवर अवलंबून. आणि त्यावर आधारलेलं हमखास गणित तर जास्तच फसवं आहे. ते असं असतं: एका हायपरमेट्रोपियाच्या व्यक्तीचा निकटबिंदू, म्हणजे सगळा जोर लावून स्पष्ट दिसणारं सगळ्यात जवळचं ठिकाण, ५० सेंटिमीटरवर आहे, २५ सेंटिमीटरवरचं वाचायला कोणतं भिंग लागेल? रीत सरळ आहे. २५ सेंटिमीटरवरून येणारे किरण ४ डायॉप्टरनं फाकलेले. डोळ्याला सगळा जोर लावून जमतात ते ५० सेंटिमीटरचे, म्हणजे २ डायॉप्टरनं फाकलेले. मधला फरक भिंगानं भरायचा. उत्तर +२. परीक्षेत हेच लिहायचं.

पण हे +२ म्हणजे त्या व्यक्तीचा हायपरमेट्रोपिया नव्हे. दोन माणसं समोर ठेवून बघू. पहिले ५२ वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या डोळ्याला दूरचा काहीच नंबर नाही, समायोजन मात्र उतरत उतरत २ डायॉप्टर उरलंय. त्यांचा निकटबिंदू ५० सेंटिमीटरवर. दुसऱ्या ३२ वर्षांच्या बाई. त्यांचा हायपरमेट्रोपिया +५ आणि समायोजन ७ डायॉप्टर. सातातले पाच स्वतःची तूट भरण्यात गेले, उरले दोन. त्यांचाही निकटबिंदू ५० सेंटिमीटरवरच. गणिताचं उत्तर दोघांना +२. गृहस्थांना खरं तर हायपरमेट्रोपिया नाहीच. ती वृद्धदृष्टिता, आपली चाळिशी. पुस्तक पाव मीटरवर आरामात धरायचं तर त्यांनाही २ हून जास्तच लागेल, कारण उरलेली सगळी ताकद सतत पणाला लावून कुणी तासभर वाचू शकत नाही. बाईंना +२ दिला तर त्या वाचताना सातच्या सात डायॉप्टर लावून बसतील आणि दूर बघतानाही ३ डायॉप्टर खर्चत राहतील. त्यांचा खरा नंबर +५, आणि तो दूरबिंदूवरूनच कळतो. निकटबिंदूवरून कधीच कळत नाही.

या दोन गोष्टींची सरमिसळ जुनी आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन्ही स्वच्छ वेगळ्या केल्या: हायपरमेट्रोपिया हा सैल डोळ्याच्या शक्तीचा आणि लांबीचा दोष, तर वृद्धदृष्टिता ही वयाबरोबर समायोजन कमी होण्याची अवस्था. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. पन्नाशीच्या माणसाचा दूरचा +१ आणि वाचायचा +३ असतो, तेव्हा +१ हा त्याचा हायपरमेट्रोपिया, आणि वरचे +२ ही वाचनासाठी दिलेली भर.

ॲस्टिग्मॅटिझम: दोन दूरबिंदू

आतापर्यंत पारपटल सगळ्या दिशांना सारखंच वळलंय असं धरलं होतं. ते चमच्याच्या पाठीसारखं असेल, म्हणजे एका दिशेनं जास्त वळलेलं आणि तिच्या काटकोनात कमी, तर एकाच डोळ्याला दोन शक्ती मिळतात. मग दूरबिंदूही दोन.

हे स्वतःच्या डोळ्यात मोजून त्यावर भिंगाचा उपाय काढला तो केंब्रिजमधल्या जॉर्ज एअरी यांनी, १८२५ च्या सुमारास. पुढे ते इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. वाचताना आपला डावा डोळा आपण वापरतच नाही असं त्यांच्या लक्षात आलं. नेहमीच्या अंतर्वक्र भिंगानं तो सुधारेना. त्यांनी एका कार्डाला बारीक भोक पाडलं, मागून उजेड येऊ दिला आणि ते कार्ड त्या डोळ्यासमोर मागे-पुढे केलं. ६ इंचांवर तो ठिपका एक बारीक तिरपी रेघ दिसला. जवळ आणत ३.५ इंचांवर आला तेव्हा पुन्हा रेघच दिसली, पण पहिलीच्या काटकोनात. ठिपका ठिपक्यासारखा कुठेच दिसला नाही.

आपल्या नियमानं हे सोडवून बघा. ६ इंच म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, म्हणजे एका दिशेत जवळपास ६.५ डायॉप्टरचा मायोपिया. ३.५ इंच म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर, म्हणजे काटकोनातल्या दिशेत ११.२५. दोन्हींतला फरक पावणेपाच. एअरींना सगळीकडे साडेसहाचं अंतर्वक्र भिंग आणि फक्त एका दिशेत आणखी पावणेपाच असं हवं होतं. त्यांनी एक बाजू गोलाकार आणि एक बाजू दंडगोलाकार अशा भिंगाचा आराखडा काढला, आणि इप्सविचच्या फुलर नावाच्या चष्मेवाल्यानं ते घासून दिलं. आज कुठल्याही दुकानातून मिळणारा सिलिंडर नंबर याच जातीचा.

आता कागद वाचू. समजा लिहिलंय:

```
−१.५० / −१.०० × १८०
```

पहिला आकडा गोलाकार भिंगाचा, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा. दुसरा सिलिंडरचा. तिसरा सिलिंडरचा अक्ष, अंशांमध्ये. १८० म्हणजे आडवा, ९० म्हणजे उभा. सगळ्यात जास्त चुका या तिसऱ्या आकड्यात होतात. सिलिंडरला त्याच्या अक्षाच्या दिशेत शक्ती शून्य असते. पूर्ण शक्ती असते अक्षाच्या काटकोनात. म्हणजे वरच्या कागदावरचं −१.०० हे आडव्या दिशेत काम करत नाही, उभ्या दिशेत करतं. आडव्या दिशेची एकूण शक्ती −१.५०, उभ्या दिशेची −१.५० आणि −१.०० मिळून −२.५०. दूरबिंदू दोन: आडव्या दिशेचा सुमारे ६७ सेंटिमीटरवर, उभ्याचा ४० वर. दोन्ही डोळ्यासमोर, म्हणून दोन्ही दिशांत मायोपिया. याला संयुक्त मायोपिक ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात.

हाच चष्मा दुसरा दुकानदार −२.५० / +१.०० × ९० असा लिहील, आणि तोही बरोबर असेल. पडताळा दिशा धरूनच घ्यायचा: अक्ष उभा, म्हणून उभ्या दिशेत नुसते −२.५०, आडव्या दिशेत −२.५० आणि +१.०० मिळून −१.५०. भिंग तेच. रूपांतराची रीत अशी की दोन्ही आकड्यांची बेरीज हा नवा पहिला आकडा, सिलिंडरचं चिन्ह उलटं, अक्ष ९० अंशांनी फिरवलेला. पण रीत पाठ करण्याआधी दोन दिशांची शक्ती मांडायची सवय लावली तर रीत विसरली तरी चालतं.

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न: +१.०० / −३.०० × १८०. आडव्या दिशेत +१.००. उभ्या दिशेत +१.०० आणि −३.०० मिळून −२.००. एक दूरबिंदू डोळ्यामागे, एक डोळ्यासमोर. बाई मायोपियाच्याही आणि हायपरमेट्रोपियाच्याही. हा मिश्र ॲस्टिग्मॅटिझम. पहिला आकडा प्लस दिसला म्हणून हायपरमेट्रोपिया लिहिणारे इथेच गुण घालवतात. एक दिशा शून्य आली तर तो साधा ॲस्टिग्मॅटिझम, दोन्ही एकाच चिन्हाच्या आल्या तर संयुक्त, विरुद्ध चिन्हांच्या आल्या तर मिश्र. याहून जास्त वर्गीकरण पाठ करायची गरज नाही.

अक्ष कुठला हे रुग्णाकडूनच कळतं. घड्याळाच्या आकड्यांसारख्या रेघा काढलेला तक्ता दाखवून विचारतात, कुठली रेघ सगळ्यात ठळक? समजा डोळ्याची आडवी दिशा बरोबर आहे आणि उभी जास्त शक्तीची आहे. आडव्या दिशेचे किरण दृष्टिपटलावर बरोबर एकवटतात, उभ्या दिशेतले मात्र पसरतात. त्यामुळे प्रत्येक ठिपका खाली-वर ताणला जातो. उभ्या रेघेतले ठिपके खाली-वर ताणले तरी रेघेतच राहतात, म्हणून १२-६ ची रेघ काळी ठळक. आडव्या रेघेतले ठिपके रेघेबाहेर पसरतात, म्हणून ९-३ ची फिकट. मायनस सिलिंडरचा अक्ष काढायला ठळक रेघेच्या दोन आकड्यांतला लहान आकडा घेऊन ३० नं गुणायचं: ६ गुणिले ३० म्हणजे १८०. आणि पाहा, मायनस सिलिंडर १८० अक्षावर ठेवला की त्याची शक्ती उभ्या दिशेत पडते, जिथे ती हवी होती. सूत्र आणि कारण दोन्ही जुळतात.

हातातला चष्मा कोणत्या जातीचा आहे हे मशिनशिवायही कळतं. डोळ्यापासून वीतभर लांब धरा आणि एका काचेतून खिडकीच्या उभ्या गजाकडे बघा. चष्मा हळू बाजूला सरकवा. काचेतला गज चष्म्याबरोबरच सरकला तर मायनस, उलट दिशेला सरकला तर प्लस. आता न सरकवता चष्मा जागच्या जागी गोल फिरवा. काचेतला गज बाहेरच्या गजापासून तुटून तिरका झाला तर सिलिंडर आहे. नुसत्या गोलाकार भिंगात कितीही फिरवलं तरी गज सरळच राहतो.

मोठे नंबर आणि चष्म्याची हद्द

चष्मा डोळ्याला चिकटून बसत नाही, पारपटलापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो. लहान नंबरात याचा फरक पडत नाही, पण ४ डायॉप्टरच्या वर तो धरायला लागतो, आणि दूरबिंदू मनात असेल तर त्याचं सूत्रही आठवावं लागत नाही. −१० चा चष्मा म्हणजे चष्म्यापासून १० सेंटिमीटर पुढे दूरबिंदू. पारपटलापासून तो ११.२ सेंटिमीटरवर. कॉन्टॅक्ट लेन्स पारपटलावरच बसते, म्हणून तिचा नंबर १०० भागिले ११.२, म्हणजे सुमारे −८.९. +१० च्या चष्म्याचा दूरबिंदू चष्म्याच्या १० सेंटिमीटर मागे, म्हणजे पारपटलाच्या ८.८ सेंटिमीटर मागे. लेन्सचा नंबर सुमारे +११.४. मायनसवाल्याचा नंबर लेन्सवर जाताना उतरतो, प्लसवाल्याचा चढतो, आणि असं का हे दूरबिंदू कुठल्या बाजूला आहे यावरून लगेच दिसतं.

हा सगळा हिशेब दोन गोष्टी गृहीत धरतो: दूरबिंदू एक किंवा दोनच आहेत, आणि दोन असतील तर ते एकमेकांच्या काटकोनातल्या दिशांचे आहेत. केरॅटोकोनसमध्ये पारपटल पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं, किंवा जखमेच्या वणानं ते खडबडीत होतं, तेव्हा जागोजागी वेगळी शक्ती असते. अशा डोळ्यापुढे सिलिंडर कितीही फिरवला तरी शेवटच्या ओळी वाचता येत नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी अक्ष बदललेला निघतो. अशा वेळी बारीक भोकाची चकती डोळ्यापुढे धरतात. तिच्यातून किरणांची अरुंद शलाकाच आत जाते, त्यामुळे पारपटलाच्या आकाराचा दोष बराचसा गळून पडतो. चकतीतून ओळी वाढल्या तर अडचण प्रकाश वळण्यातच आहे, आणि तिथे कडक कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडते: लेन्स आणि पारपटल यांच्यामधली जागा अश्रूंनी भरते, आणि वाकड्यातिकड्या पारपटलाऐवजी लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश वळवतो. चकतीतूनही काहीच वाढलं नाही, तर भिंग बदलत बसण्याऐवजी दृष्टिपटल, दृष्टिचेता किंवा मोतीबिंदू यांची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडे व्हायला हवी.